पहिली की दुसरी? वेलांटी-उकार तपासण्याची रीत

एका वाचनालयाची निमंत्रणपत्रिका छापायला जाण्यापूर्वी माझ्याकडे तपासायला आली होती. मजकूर एवढाच होता:

«आमच्या वाचनालयाच्या नविन इमारतीचे भूमीपूजन येत्या गुरूवारी सकाळी दहा वाजता होणार आहे. विद्यापिठाचे कुलगुरु प्रमूख पाहूणे म्हणून उपस्थीत राहतील. समितिच्या वतीने फूलांची सजावट व दूधाची व्यवस्था केली आहे. अधिक माहीतीसाठी कार्यालयात यावे, हि विनंति.»

चार वाक्यांत ह्रस्व-दीर्घाच्या चौदा चुका आहेत. पण त्या चौदा प्रकारच्या नाहीत. त्यांच्या मुळाशी तीन-चारच गैरसमज आहेत, आणि ते एका ठरावीक क्रमाने तपासले तर प्रत्येक शब्दासाठी कोश उघडावा लागत नाही. हा क्रम असा: आधी शब्दाचे प्रत्यय सोलून मूळ शब्द हाती घ्यायचा, मग तो तत्सम आहे की मराठी वळणाचा ते ठरवायचे, आणि त्यानंतरच इकार किंवा उकार शब्दात कुठे बसला आहे ते पाहायचे. बहुतेक जण तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

ज्या नियमांशी ताडून पाहायचे ते मराठी साहित्य महामंडळाचे आहेत. 1962 साली चौदा नियम आले, 1972 मध्ये त्यांत चारांची भर पडली, आणि शासनाने मान्य केलेली ही अठरा नियमांची यादीच आजचे प्रमाण आहे. अठरापैकी ह्रस्व-दीर्घाशी थेट संबंध असलेले नियम मोजकेच. त्यांतले जे रोज लागतात तेवढ्यांबद्दलच इथे लिहितो.

पहिली चाळणी: शब्दाचा शेवट

सर्वांत सोपा नियम शेवटच्या अक्षराचा. मराठीत सुट्या शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहायचा. शब्द मराठी असो, फारसीतून आलेला असो की संस्कृतातून, इथे भेदभाव नाही. पाटी, विळी, जादू, चाकू तर दीर्घ आहेतच. पण मूळ संस्कृतात ह्रस्व असलेले कवि, बुद्धि, गुरु, पशु हेही मराठीत कवी, बुद्धी, गुरू, पशू होतात. त्यामुळे पत्रिकेतले «हि», «विनंति» आणि «कुलगुरु» हे तीन शब्द डोळे मिटून ही, विनंती, कुलगुरू करायचे. «की» या अव्ययाचेही तेच. «कि» असे लेखन मराठीत नाही, ते हिंदीतून डोळ्यांवर आदळत असते.

अपवाद हातांच्या बोटांवर मोजावेत इतके. «आणि» व «नि» ही दोन मराठी अव्यये ह्रस्वान्त, आणि परंतु, तथापि, यथामति यांसारखी संस्कृत अव्यये ह्रस्वान्त. «इत्यादी» मात्र दीर्घ, त्यासाठी वेगळा नियमच आहे. शिवाय दुडुदुडु, लुटुलुटु, रुणुझुणु असे नादाची नक्कल करणारे शब्द ह्रस्व ठेवतात. पण हळूहळू, मुळूमुळू यांत दुसरा आणि चौथा स्वर दीर्घ.

अपवाद इतके थोडे असल्यामुळे ही चाळणी यंत्राकडून लावून घेता येते. मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवून लिनक्सच्या किंवा मॅकच्या टर्मिनलवर ही ओळ चालवली, की शेवटी ह्रस्व इकार-उकार असलेले सगळे शब्द ओळीच्या क्रमांकासह समोर येतात:

```
grep -noE '[^[:space:]]+(ि|ु|इ|उ)([[:space:],.;:?!]|$)' lekh.txt
```

मोठ्या मजकुरात «आणि» आणि «परंतु» यांचीच गर्दी दिसेल. ती सोडून जे उरेल ते जवळजवळ सगळे चुकीचे. «भाउ», «जाउ» असे सुट्या उकाराचे शब्दही यातच सापडतात. टर्मिनलशी ओळख नसेल तर लेखनाच्या प्रणालीत पहिली वेलांटी आणि तिच्यापुढे रिकामी जागा एवढेच शोधायला सांगा. काही प्रणाली सुटी वेलांटी शोधत नाहीत; मग «ति» आणि रिकामी जागा, «रु» आणि रिकामी जागा असे करून पाहावे, कारण चुका जास्त करून याच अक्षरांवर होतात.

आपल्या पत्रिकेवर ही ओळ चालवली तर चौदापैकी तीन चुका सापडतात. उरलेल्या अकरा शब्दाच्या पोटात आहेत आणि तिथे यंत्राचा फार उपयोग नाही. दीर्घ इकारापुढे आकार, एकार आला की दाखव, असे सांगून पाहिले तर «इमारतीचे», «वतीने» असे निर्दोष शब्दही ढिगाने येतात. यंत्राला «ने» हा प्रत्यय आहे हे कळत नाही. तुम्हाला कळते.

प्रत्यय सोला

म्हणून आता प्रत्येक शब्दाचे शेपूट काढायचे. «समितिच्या» मधला «च्या» काढला की उरते समिती. शेवट दीर्घ. प्रत्यय लागला म्हणून तो ह्रस्व होत नाही: समितीने, समितीला, समितीच्या. शब्दयोगी अव्यय लागले तरी तेच: समितीसाठी, समितीमध्ये, गुरूजवळ, कवीबद्दल. «समितिच्या» लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा «समिति» हा संस्कृत शब्द असतो आणि पुढे काहीतरी जोडले आहे म्हणजे तो मूळ रूपात राहील असे त्याला वाटते. हे समासात खरे आहे, प्रत्ययात नाही. हा फरक एकदा नीट बसला की निम्मा गोंधळ संपतो.

समास म्हणजे दोन स्वतंत्र शब्दांची जोडी. तिथे पहिले पद संस्कृतातले ह्रस्वान्त असेल तर ते आपले मूळ ह्रस्व रूप घेऊनच येते. म्हणून कवी, पण कविमन. बुद्धी, पण बुद्धिवैभव. दृष्टी, दृष्टीने, पण दृष्टिकोन. गुरू, गुरूला, पण गुरुदक्षिणा आणि गुरुवार. «-मान», «-वंत», «-हीन», «-शील» असे शेवट लागून झालेल्या शब्दांनाही हाच न्याय: बुद्धिमान, शक्तिहीन, गतिशील. पत्रिकेतला «भूमीपूजन» याच खात्यावर जमा होतो. मूळ शब्द भूमि, म्हणून भूमिपूजन, भूमिपुत्र. गावोगावच्या फलकांवर हा शब्द इतक्यांदा दीर्घ दिसतो की बरोबर लिहिलेला पाहून लोक मलाच चूक दाखवायला येतात.

कुलगुरू हा शब्द इथे हातात घेऊन फिरवून पाहण्यासारखा आहे. त्यात «गुरू» दुसरे पद आहे, शब्दाच्या शेवटी आहे, म्हणून दीर्घ. «कुलगुरूंनी» मध्ये प्रत्यय आहे, म्हणून दीर्घच. पण «कुलगुरुपद» म्हटले की गुरू मध्ये सापडला आणि त्याच्यापुढे दुसरे पद आले, म्हणून ह्रस्व. एकाच शब्दात तिन्ही नियम बसतात.

पहिले पद मुळातच दीर्घ असेल तर ते दीर्घच राहते: नदीकाठ, लक्ष्मीपुत्र, स्त्रीशक्ती, वधूवर, भूगोल, पृथ्वीतल. म्हणजे समास तपासताना पहिल्या पदाचे संस्कृत रूप माहीत हवे. इथे पाठांतराला पर्याय नाही, पण एक ढोबळ खूण आहे: «ति» किंवा «द्धि»ने संपणारी संस्कृत भाववाचक नामे बहुतेक ह्रस्व असतात (मति, गति, स्मृति, कृति, शांति, नीति, शुद्धि), म्हणून स्मृतिदिन, शांतिदूत, नीतिमूल्ये, शुद्धिपत्र.

आणि मग येतो «शुद्धीकरण». शुद्धिपत्र ह्रस्व तर शुद्धीकरण दीर्घ का? कारण «-करण» लागताना संस्कृतात पहिल्या शब्दाच्या शेवटी ईकार येतो. स्पष्ट-स्पष्टीकरण, एकत्र-एकत्रीकरण, नूतन-नूतनीकरण. तो «शुद्धि»चा इकार नाही, «शुद्ध»ला लागलेला ईकार आहे. «-करण» दिसले की दुसरी वेलांटी, एवढे लक्षात ठेवले तरी चालते.

समासात आणखी एक टोळी आहे, संस्कृतात «-इन्» ने संपणाऱ्या शब्दांची. विद्यार्थी, मंत्री, प्राणी, पक्षी, योगी, गुणी हे मुळात विद्यार्थिन्, मंत्रिन्, प्राणिन् असे आहेत. मराठीत ते एकटे असताना दीर्घ, समासात पहिले पद असताना ह्रस्व: मंत्रिमंडळ, प्राणिसंग्रहालय, पक्षिमित्र, योगिराज, विद्यार्थिमंडळ. गंमत अशी की मंत्रिमंडळ सगळे बरोबर लिहितात आणि त्याच बातमीत पुढे «मंत्रीपद» लिहितात. पाहिजे मंत्रिपद.

तत्सम की मराठी?

आता शब्दाच्या पोटातले इकार-उकार. ते तपासताना शब्दाची जात आधी कळायला हवी, कारण दोन जातींना दोन वेगळे कायदे आहेत. तत्सम म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द. त्याच्या पोटातले ह्रस्व-दीर्घ संस्कृतात असेल तसेच ठेवायचे आणि कशानेही बदलायचे नाही. बाकी सगळे शब्द, मग ते संस्कृतातून घासून-झिजून आलेले असोत, देशी असोत, फारसी-अरबी असोत की इंग्रजी, मराठीच्या उच्चाराप्रमाणे चालतात.

शब्द ओळखायचा कसा? ऋकार, ष, ज्ञ, विसर्ग असला की तो बहुधा तत्सम. प्र, परि, अभि, प्रति, सम् असे उपसर्ग आणि -इक, -इत, -ईय, -ता, -त्व असे शेवट हीही तत्समाची लक्षणे. उलट संस्कृतातल्या «ल»चा «ळ» किंवा «न»चा «ण» झालेला दिसला, तर तो शब्द मराठीच्या अंगणात शिरला असे समजायचे. संस्कृत «कुल» ह्रस्व आहे, म्हणून कुलगुरू. पण मराठीत त्याचे «कूळ» झाले आणि ते मराठीप्रमाणे वागते, कुळात, कुळाचा. संस्कृत «कठिन» ह्रस्व, मराठी «कठीण» दीर्घ. जमीन, वकील, गरीब, तारीख हे फारसी-अरबीकडून आलेले शब्द आता पुरते मराठी आहेत.

पत्रिकेतले प्रमुख आणि उपस्थित हे दोन्ही तत्सम. प्र+मुख, त्यात मुख ह्रस्व. म्हणून «प्रमूख» चूक. उप+स्थित, त्यात स्थित ह्रस्व. म्हणून «उपस्थीत» चूक. ही चूक का होते तेही पाहा. मराठी शब्दाच्या शेवटी «अ» असेल तर त्याआधीचा इकार-उकार आपण लांबवून बोलतो: गरीब, वकील, फूल, सून, ठीक. तीच सवय प्रमुख, मंदिर, पंडित, चतुर, मधुर, स्थानिक, अरुण, तरुण या तत्सम शब्दांवर लादली जाते. कान «मंदीर» ऐकतो, हात «मंदीर» लिहितो. म्हणून अशा शब्दांत कानावर विसंबू नये. शब्दाचे तुकडे पाडून पाहावेत. वर्ष+इक = वार्षिक, समाज+इक = सामाजिक. राष्ट्र+ईय = राष्ट्रीय, भारत+ईय = भारतीय; पण प्रिय, क्षत्रिय, इंद्रिय यांत «-ईय» हा प्रत्यय नाही, म्हणून ते ह्रस्व.

तुकडे पाडण्याचा सर्वांत मोठा फायदा संधीत होतो. परिषद, परिणाम, परिचय यांत परि ह्रस्व, मग परीक्षा दीर्घ का? कारण ती परि+ईक्षा आहे, दोन इकार मिळून एक दीर्घ झाला. प्रतिमा ह्रस्व, पण प्रति+ईक्षा = प्रतीक्षा. कवि+ईश्वर = कवीश्वर, रवि+इंद्र = रवींद्र, सु+उक्ती = सूक्ती. जिथे ह्रस्व असायला हवे तिथे दीर्घ दिसले, तर चूक ठरवण्यापूर्वी आत दुसरा इकार दडला आहे का ते पाहायचे. आणि काही तत्सम शब्द तसेच लक्षात ठेवावे लागतात. «गृहित» हे लेखन मी आठवड्यातून दोनदा तरी दुरुस्त करतो. शब्द आहे गृहीत, गृहीत धरणे.

शेवट जड, तर आधीचे हलके

मराठी शब्दांचा कायदा खरे तर एकच आहे आणि तो कानाला पटणारा आहे. शेवटी «अ» असेल तर त्याच्याआधीचा इकार-उकार दीर्घ. शेवटी दीर्घ स्वर असेल तर आधीचा ह्रस्व. माहीत, पण माहिती. बहीण, पण बहिणी. मूल, पण मुलगा, मुलगी. किडा, विळी, महिना, पाहुणा, सुरू. म्हणून पत्रिकेतले «पाहूणे» आणि «माहीती» गेले. शेवटून दुसऱ्या अक्षराला व्याकरणात उपान्त्य म्हणतात. हा शब्द पुढे दोन-तीनदा येईल.

अनुस्वाराआधी आणि जोडाक्षराआधी मराठी शब्दात ह्रस्वच: चिंच, डिंक, कुंडी, मुंगी, शिस्त, कुस्ती, दुरुस्ती. तत्समात मूळ असेल ते: तीव्र, सूत्र, मूर्ती, कीर्ती.

हाच कायदा सामान्यरूपात चालतो. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दात जो बदल होतो ते सामान्यरूप. फूल याचे फुला-, दूध याचे दुधा-, सून याचे सुने-, जमीन याचे जमिनी-. शेवट जड झाला, उपान्त्य हलके झाले. म्हणून फुलांची, दुधाची, सुनेला, जमिनीवर, गरिबांना, वकिलाने, विहिरीत, विजेचा, चुकीचा. «फूलांची» आणि «दूधाची» या दोन चुका बहुधा मूळ शब्द पक्का माहीत असल्यामुळेच होतात: फूल दीर्घ शिकलेलो, मग प्रत्यय लागला तरी तेच लिहायचे, असे वाटते.

तीन अक्षरी शब्दाचे पहिले अक्षर दीर्घ असेल तर बऱ्याचदा उपान्त्य इकार-उकार ह्रस्व होत नाही, सरळ नाहीसा होतो आणि तिथे «अ» येतो: लाकूड-लाकडाला, बेरीज-बेरजेत, तारीख-तारखेला, पाऊस-पावसात, देऊळ-देवळात, माणूस-माणसाला. पाटील-पाटलांना हेही असेच. पण आडनाव म्हणून आले की पुष्कळांना ते खटकते, म्हणून कार्यालयीन लेखनात «पाटील यांना» असे लिहून वाट काढतात. पोलीस मात्र पोलिसांना होतो, पोलसांना नाही.

आता एक बारीक गोष्ट. उपान्त्य ह्रस्व होते ते सामान्यरूप झाल्यामुळे, प्रत्यय लागल्यामुळे नव्हे. नियमात गावाच्या नावातले «पूर» दीर्घ लिहायला सांगितले आहे: नागपूर, सोलापूर, कोल्हापूर. त्याचे सामान्यरूप केले की नागपुरास, नागपुरात, कोल्हापुरात. पण आपण «नागपूरला जातो» म्हणतो तेव्हा «नागपुराला» असे म्हणत नाही. प्रत्यय थेट मूळ नावाला चिकटतो, मध्ये आकार येत नाही. म्हणून नागपूरला, कोल्हापूरची, यांत दीर्घच. इंग्रजी शब्दांचेही असेच: टीमला, टीमचा, कारण «टीमाचा» असे रूप आपण करत नाही. समासातही सामान्यरूप नसते, म्हणून दूधवाला, वीटभट्टी. इथे भाषा पूर्ण शिस्तीत चालत नाही, फुलपाखरू ह्रस्व रूढ आहे, तेव्हा अशा जोडशब्दांना कोश पाहावा हे बरे.

राहिले «विद्यापिठाचे». लिहिणाऱ्याने नियम लावलाच आहे, पण चुकीच्या शब्दाला. मराठीत पीठ दोन आहेत. दळलेले पीठ हा झिजून झालेला मराठी शब्द, म्हणून पिठात पाणी घातले, पिठाचा डबा. आसन किंवा स्थान या अर्थाचे पीठ तत्सम, ते बदलत नाही: पीठात, विद्यापीठाचे, व्यासपीठावर, शक्तिपीठांना. «व्यासपिठावर» असे लिहिले की मला वक्त्याचे पाय कणकेत रुतलेले दिसतात.

अशा जोड्या आणखी आहेत. मूल म्हणजे लेकरू, त्याचे मुलाला. तत्सम मूल म्हणजे मूळ, त्यापासून मूलभूत, मूलाधार. सूर गाण्यातला, स्वर शब्दापासून झालेला, म्हणून सुरात. शूर तत्सम, म्हणून शूरांना. गीत, रूप, दूत, शरीर, दीप हे तत्सम असल्यामुळे गीताला, रूपाने, दूताला, शरीरात, दीपाला असेच राहतात. सामान्यरूप तपासताना उपान्त्य ह्रस्व केले की लगेच स्वतःला विचारायचे: हा शब्द संस्कृतात असाच आहे का? असेल तर हात मागे घ्यायचा.

रु आणि रू

या एका अक्षरावर वेगळी नजर ठेवावी लागते. इतर व्यंजनांत पहिला आणि दुसरा उकार खाली लोंबतो आणि स्पष्ट दिसतो. «र»ला तो कुशीत चिकटतो आणि लहान आकारात, विशेषतः मोबाइलवर, रु आणि रू सारखेच भासतात. त्यात नेमके हेच अक्षर शब्दाशब्दाला बदलते: सुरू पण सुरुवात, गुरू पण गुरुवार, रूप पण पुरुष, तरुण पण तारू. म्हणून मी सगळे वाचून झाल्यावर शोधखिडकीत एकदा «रु» आणि एकदा «रू» टाकून सगळी स्थळे पाहतो. डोळा फसला तरी संगणकासाठी ती दोन वेगळी चिन्हे असतात. पत्रिकेतले «गुरूवारी» आणि «कुलगुरु» छापील कागदावर माझ्या नजरेतून सुटले होते. या शोधातच सापडले.

कोश पाहताना

इतके करूनही शंका उरते तेव्हा कोश. पण कोणत्या सालचा, हे आधी पाहा. इंटरनेटवर सहज मिळणारा मोल्सवर्थचा कोश, ज्याची दुसरी आवृत्ती 1857 ची आहे, आणि दाते-कर्वे यांचा 1932 ते 1938 दरम्यान निघालेला महाराष्ट्र शब्दकोश, हे दोन्ही आजच्या नियमांच्या कितीतरी आधीचे आहेत. अर्थासाठी, व्युत्पत्तीसाठी ते उत्तम. शब्द तत्सम आहे की फारसी हे तिथेच कळते. पण त्यांत कवि, गुरु, बुद्धि असे लेखन दिसेल आणि जागोजाग आज न देण्याचे अनुस्वारही दिसतील. तो त्यांच्या काळचा प्रघात होता. लेखनासाठी 1972 नंतरचा, महामंडळाच्या नियमांप्रमाणे केलेला लेखनकोशच धरावा आणि त्यातही सामान्यरूप दिलेले असेल तर उत्तम.

जुना उतारा छापत असाल तर उलट सावधगिरी. केशवसुतांच्या पूर्वीची कविता आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य मूळ लेखनाप्रमाणेच छापावे, त्यानंतरचे आजच्या नियमांप्रमाणे, असे नियमच सांगतो. वृत्तबद्ध कवितेत मात्रा जुळवण्यासाठी कवीने ह्रस्वाचे दीर्घ केले असेल, तर तिथेही मुद्रितशोधकाने पेन्सिल खाली ठेवायची.

आता पत्रिका पुन्हा वाचा. «नविन» राहिला होता. तो तत्सम म्हणूनही नवीन आणि मराठीच्या कानानेही नवीन, कसाही तपासला तरी दीर्घच.

«आमच्या वाचनालयाच्या नवीन इमारतीचे भूमिपूजन येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता होणार आहे. विद्यापीठाचे कुलगुरू प्रमुख पाहुणे म्हणून उपस्थित राहतील. समितीच्या वतीने फुलांची सजावट व दुधाची व्यवस्था केली आहे. अधिक माहितीसाठी कार्यालयात यावे, ही विनंती.»

छापायला सोडण्यापूर्वी एकदा शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे उलटे वाचतो. सरळ वाचताना अर्थ पुढे ओढतो आणि डोळा वेलांटीवर थांबत नाही. उलटे वाचताना प्रत्येक शब्द एकटा पडतो. या पत्रिकेत उलट्या वाचनात «वाजता»पाशी थांबलो, तिथे काहीच चूक नव्हती. मग पत्रिका परत पाठवली. दुसऱ्या दिवशी वाचनालयातून फोन आला: «सर, भूमिपूजनात पहिली वेलांटी राहिली आहे, दुसरी करून देता का?»